कपाटातले खरेदीखत आणि कोर्टाचा दरवाजा

समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, मुरबाडकडे फार्महाऊसची गर्दी वाढली आणि या भागात जमिनीच्या कागदावर पैसे उचलणे नेहमीचे झाले. व्यवहार साधा दिसतो. घेणारा मूळ खरेदीखत देणाऱ्याच्या हाती ठेवतो, देणारा ते कपाटात बंद करतो आणि जमीन आपल्या मुठीत आली असे समजतो. कायदा मात्र त्याला जमीन देत नाही. जमीन विकून पैसे वसूल करून द्या, असे कोर्टाला सांगण्याचा हक्क तेवढा देतो.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 58(च) मध्ये हे गहाण येते. त्याला तीन गोष्टी लागतात : कर्ज, हक्काचे कागद हाती देणे आणि ते तारण म्हणूनच देण्याचा हेतू. शिवाय कागद अधिसूचित शहरातच द्यावे लागतात. मुंबईचे नाव तर कलमातच आहे. जमीन कुठे आहे याला इथे महत्त्व नाही, कागद कुठे दिले याला आहे. म्हणून मुरबाडच्या जमिनीचे कागद मुंबईत दिलेले चालतात. मुरबाडमध्येच द्यायचे असतील, तर ते गाव अधिसूचनेत आहे का हे आधी पाहावे.

आता उदाहरण घेऊ. समजा, डोंबिवलीच्या एका नोकरदाराने मुरबाडच्या ओळखीच्या माणसाला दहा लाख रुपये बँकेमार्फत दिले. फेडीची तारीख 31 मार्च 2025. तारण दीड एकर शेतजमीन.

पहिली अडचण कागदाचीच. वडिलोपार्जित जमिनीला अनेकदा खरेदीखत नसतेच, असतो सातबारा आणि फेरफार. या महसुली नोंदी आहेत, मालकीचा दस्त नव्हे. नुसता सातबारा ठेवून घेणाऱ्याचे तारण कच्चे राहते. त्यातही जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36 व 36-अ प्रमाणे परवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीकडे गहाणही पडत नाही. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडचीही काही गावे आहेत. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम 43 चे बंधन असू शकते. सातबाऱ्यावरचा भोगवटादार वर्ग आणि ‘इतर हक्क’ हा रकाना वाचला, की यातले बरेचसे कळते.

दुसरी अडचण हे गहाण कोणाला दिसत नाही ही. मूळ खत कपाटात असते, पण घेणारा दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल काढून जमीन दुसऱ्याला विकू शकतो. म्हणूनच महाराष्ट्रात 2013 पासून नोंदणी अधिनियमाच्या कलम 89-ब नुसार गहाण ठेवणाऱ्याने तीस दिवसांत ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’ दाखल करायची असते. ती दाखल झाली की जमिनीचा सर्च घेणाऱ्याला बोजा दिसतो. आपल्या डोंबिवलीकराने ती पावती हाती आल्यावरच पैसे सोडायला हवे होते.

तारीख उलटली, पैसे आले नाहीत. बँकेसारखा सरफेसी कायद्याचा मार्ग खासगी माणसाला नाही. स्वतः ताबा घेणे किंवा परस्पर विकणे हेही नाही. त्याला जमीन जिथे आहे तिथल्या दिवाणी कोर्टात गहाणाचा दावा लावावा लागतो. मुदत देणे झाल्यापासून बारा वर्षांची, म्हणजे मार्च 2037 पर्यंत. पण लिलावात तूट आली तर ती ऋणकोच्या इतर मालमत्तेतून वसूल करण्यासाठी दावा तीन वर्षांच्या आत लागलेला असावा. थांबून राहण्याची किंमत इथे पडते.

दावा शाबीत झाला की आधी प्राथमिक हुकूमनामा होतो. त्यात देणे ठरते आणि फेडीसाठी सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. ती चुकली तर विक्रीचा अंतिम हुकूमनामा, मग लिलाव. विक्री कायम होईपर्यंत ऋणको पैसे भरून जमीन सोडवू शकतो. देणे भागून उरलेली रक्कम त्याचीच. धनकोला कोर्टाच्या परवानगीशिवाय बोली लावता येत नाही. आणि तो शेतकरी नसेल, तर कूळकायद्याच्या कलम 63 मुळे कोर्टाच्या लिलावातही शेतजमीन त्याच्या नावावर सहजी होत नाही.

याच टप्प्यावर समोरचा वकील विचारतो : सावकारीचा परवाना आहे का? ओळखीत एकदाच दिलेले कर्ज म्हणजे धंदा नव्हे. पण अशी तीन-चार खरेदीखते कपाटात सापडली, तर 2014 चा सावकारी कायदा लागू होऊ शकतो. कर्ज देताना परवाना नसलेल्या सावकाराला कोर्ट हुकूमनामा देत नाही, उलट त्याच्यावरच फौजदारी होऊ शकते.

कागद ठेवून गहाण केल्याने गहाणखत नोंदवण्याचा खटाटोप वाचतो, कोर्ट वाचत नाही. दोन हुकूमनामे होईपर्यंत थांबण्याची तयारी नसेल, तर खरेदीखत कितीही खरे असले तरी त्यावर पैसे देऊ नयेत.