सगळे भागधारक राजी असले तरी

कंपनी तिच्या भागधारकांची असते. मग सगळे मालक एकमताने हो म्हणत असतील तर कायद्याने आडवं का यावं? या प्रश्नाचं रोखठोक उत्तर इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने 1875 साली दिलं आणि आपला कंपनी कायदा आजही बऱ्याच अंशी त्याच उत्तरावर उभा आहे.

खटला होता ॲशबरी रेल्वे कॅरेज अँड आयर्न कंपनीचा. रेल्वेचे डबे आणि इतर सामग्री बनवणं, विकणं, भाड्याने देणं आणि मेकॅनिकल इंजिनिअर व जनरल कॉन्ट्रॅक्टर म्हणून काम करणं असे उद्देश तिच्या मेमोरँडममध्ये लिहिलेले होते. संचालकांनी मात्र बेल्जियममध्ये अख्खा लोहमार्ग उभारण्यासाठी रिश नावाच्या कंत्राटदाराला पैसा पुरवण्याचा करार केला. पुढे कंपनीने अंग काढून घेतलं आणि रिश कोर्टात गेला.

‘जनरल कॉन्ट्रॅक्टर’ या शब्दांत लोहमार्गही येतो, असा त्याचा युक्तिवाद होता. न्यायाधीशांनी तो मानला नाही. ते शब्द मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जोडून आलेले आहेत, तेव्हा त्यांचा अर्थ त्याच धंद्यातली कंत्राटं एवढाच. शब्द सुटे वाचले तर जगातलं कुठलंही कंत्राट त्यात बसेल आणि मग उद्देश लिहून ठेवण्यात काही अर्थच उरणार नाही.

खरी गंमत पुढे आहे. कंपनीच्या आर्टिकल्समध्ये चक्क एक तरतूद होती: मेमोरँडमबाहेर धंदा वाढवायचा तर विशेष ठराव करावा. म्हणजे आर्टिकल्स मेमोरँडमचं कुंपण ओलांडायची वाट दाखवत होती. लॉर्ड केर्न्स यांनी ती बंद केली. आर्टिकल्स हे सभा कशी घ्यायची, संचालक कसे नेमायचे, असे घरातले नियम. ते मेमोरँडमच्या हद्दीतच चालतात. संचालकांनी आर्टिकल्सने दिलेला अधिकार ओलांडला, पण काम मेमोरँडमच्या आत असलं, तर भागधारक त्याला मागाहून मान्यता देऊ शकतात. मेमोरँडमच्या बाहेरचं काम मात्र करण्याची ताकद कंपनीकडे मुळातच नसते. जे करताच येत नाही त्याला मागाहून मान्यता कशी देणार? एकूण एक भागधारक राजी झाला तरी करार शून्यच. तो बेकायदा नव्हता, त्यात कुठला गुन्हाही नव्हता. या कंपनीपुरता तो झालाच नव्हता.

मला यातला विचार पटतो, कारण मेमोरँडम सभेत बसलेल्यांसाठी नसतंच. ते वाचून उद्या शेअर घेणारा आणि कर्ज देणारा सभेला हजर नसतो. पण तत्त्व सावकाराला जपायचं आणि पहिला फटका बसला तो बाहेरच्या कंत्राटदारालाच. हा पेच पुढे कधी नीट सुटला नाही. वकिलांनी आपल्या परीने तोड काढली. उद्देशांची यादी लांबवायची आणि प्रत्येक कलम स्वतंत्र समजावं, असं शेवटी लिहायचं. 1918 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ही युक्ती नाराजीनेच चालवून घेतली.

भारतात हाच वाद देणगीवरून गाजला. मद्रासच्या युनायटेड इंडिया लाइफ अ‍ॅश्युरन्स कंपनीने 1954 साली विशेष सर्वसाधारण सभेत ठराव करून एका स्मारक न्यासाला 2 लाख रुपये दिले. दोन वर्षांत आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि आयुर्विमा महामंडळाने ते पैसे परत मागितले. मेमोरँडममध्ये सार्वजनिक आणि उपयुक्त कामांना देणगी देण्याचा अधिकार होता, न्यासाच्या हेतूंत विम्याच्या शिक्षणाचाही उल्लेख होता. तरी 1963 साली सर्वोच्च न्यायालयाने देणगी अवैध ठरवली. देणगीचं कलम हा अधिकार आहे, उद्देश नव्हे. तो कंपनीचं उद्दिष्ट पुढे नेण्यासाठीच वापरता येतो. न्यासाने तो पैसा विम्याच्या शिक्षणावर खर्च करावा असं कुठलंही बंधन नव्हतं. पैसे देण्याच्या निर्णयात संचालक म्हणून सामील असलेले आणि तेच पैसे विश्वस्त म्हणून घेणारे, यांच्यावर परतफेडीची जबाबदारी आली.

याच्या शेजारी मुंबईचा एक निकाल ठेवून पाहावा. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या द्यायच्या होत्या. तिने आधी मेमोरँडमच बदलायला घेतलं. 1957 साली मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी अशा देणग्यांमुळे लोकशाहीला धोका आहे, असं बजावलं, पण बदल अडवला नाही.

ब्रिटनने 2006च्या कायद्यात मेमोरँडमचं हे महत्त्व जवळपास काढून टाकलं: उद्देशाबाहेरचं म्हणून बाहेरच्या माणसाशी केलेला करार तिथे आता शून्य होत नाही. आपल्या 2013च्या कायद्यात उद्देशांचं कलम अजून सक्तीचं आहे आणि त्याबाहेर जाणाऱ्या कंपनीला रोखण्यासाठी ठरावीक संख्येतले भागधारक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतात. उद्देश बदलायला विशेष ठराव आणि निबंधकाकडे नोंदणी लागते. ही नोंदणी पुढच्या व्यवहारांपुरती असते. आधीच होऊन गेलेला, उद्देशाबाहेरचा करार तिने जिवंत होत नाही.