केळं देणारा आणि नारळ गमावणारा

सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीत माकडांच्या उपद्रवावर बोलायला उभं राहिलं की वक्ता काय म्हणणार हे समोरच्यांना आधीच ठाऊक असतं. माणसानं जंगल तोडलं, माकडं उपाशी राहिली, म्हणून ती तुमच्या बागेत शिरतात. शहरातून येणारे बहुतेक जण हेच सांगून जातात. एका सभेत मागे बसलेले एक तात्या यावर एवढंच म्हणाले, “रान खय कमी झाला? उलट वाढलाच.” तात्यांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. भाताचे कुणगे पडीक राहिले, वरकस जमिनी ओस पडल्या आणि रान घरामागच्या गडग्याला येऊन टेकलं. वाढलेल्या या रानात जुन्या उंबर-वडांची भर फारशी पडली नाही, हे खरं. पण फक्त उपासमार हे कारण धरलं तर एक गोष्ट उलगडत नाही. रानात करवंदं आणि जांभळं पिकून पडलेली असतात, तेव्हाही माकडं काजूच्या बागेत आणि माडांवर दिसतात. भुकेल्यानं आधी जवळचं खावं, पण ही तर पिकल्या झाडाखालून पुढे जातात.

म्हणून गावकऱ्यांसमोर बोलताना मी दयेपासून सुरुवात करत नाही, हिशेबापासून करतो. पाच-सहा किलो वजनाच्या माकडाला दिवसाला ढोबळमानानं साडेचारशे-पाचशे कॅलरी लागतात. रानात त्या गोळा करायच्या तर कोवळी पानं, उंबरं, किडे, बिया असं थोडं थोडं वेचत अर्धा दिवस जातो. मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण शंभर कॅलरी असतात. म्हणजे पाच केळ्यांत दिवस भागला, आणि त्याला पाच-दहा मिनिटं पुरली. आपण शेतात जे लावतो ते पिढ्यान्पिढ्या निवडून गोड केलेलं, चोथा कमी असलेलं, एका जागी दाट वाढवलेलं खाणं असतं. माकडाच्या बाजूनं पाहिलं तर बाग ही रानाची बदली नाही, रानापेक्षा सरस जागा आहे. तिथे पकडलं जाण्याची भीती तेवढी जास्त. माकड रोज तोलतं ते एवढंच: मिळणारं किती आणि धोका किती.

यातला धोक्याचा भाग गेल्या काही दशकांत खूप हलका झाला आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पूर्वी वाडीत माणसं होती. पोरं गोफण घेऊन राखणीला बसत, मांगरात कुणीतरी असे, कुत्री मोकळी फिरत. वानरमारे समाजाचे लोक शिकार करत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला आळा बसला, आणि त्याच सुमारास तरुण मंडळी मुंबईला जाण्याचं प्रमाणही वाढत गेलं. आता दहा घरांपैकी काही गणपतीपुरती आणि मे महिन्यापुरती उघडतात. ज्या वाडीत दुपारी म्हातारी दोन माणसं असतात, तिथे माकडांना कुणाला भ्यायचं कारण उरत नाही. कायदा रद्द करा असा याचा अर्थ नाही. माकडांचा स्वभाव बिघडलेला नाही, आपण तिथून उठून गेलो आहोत, एवढाच याचा अर्थ.

सरसकट ‘माकडं’ म्हणून चालत नाही, हेही सभेत वेगळं सांगावं लागतं. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे वानर आणि लाल तोंडाची माकडं यांची पोटं वेगळी आहेत. वानराच्या पोटात कप्पे असतात आणि पानं तिथे आंबवून पचवली जातात. अशा पोटाला एकदम भरपूर पिकलेली साखर झेपत नाही, म्हणून त्याची ओढ कोवळी पानं, कळ्या, शेंगा, आंब्याचा मोहर आणि कच्च्या फळांकडे जास्त. लाल तोंडाच्या माकडाला हे कप्पे नाहीत. त्याच्याकडे गालातल्या पिशव्या आहेत. दोन्ही गालांत मिळून साधारण पोटात मावेल एवढं खाणं कोंबता येतं, ते घेऊन झाडावर जाता येतं आणि मग बसून एकेक घास काढून खाता येतो. हिसकावण्याचं सगळं गणित या पिशवीवर उभं आहे. जिथे थांबणं धोक्याचं, तिथे खायचंच नाही, नुसतं भरून घ्यायचं. म्हणून हातातलं खाणं पळवणारं माकड बहुतेकदा लाल तोंडाचं असतं. वानरही सवयीनं पाव-केळी घ्यायला शिकतो, पण त्याच्या गालात ही सोय नाही.

शेतकऱ्याचा खरा राग खाण्यावर नसतो, नासाडीवर असतो. काजूचं बोंड चावून बी फेकलेली, कोवळा नारळ अर्धा कुरतडून खाली टाकलेला. हा माज नव्हे. रानात फळ तुरळक असतं, तेव्हा मिळेल ते संपवावं लागतं. बागेत पुढचं फळ हातभर अंतरावर आहे आणि वेळ कमी आहे, तेव्हा प्रत्येकातला उत्तम घास घेऊन पुढे सरकणं फायद्याचं ठरतं. कळपातली पोरं शिकत असतात, तीही तोडून टाकतात. म्हणून नासाडीकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला सांगतो. अर्धवट खाल्लेली फळं एकाच भागात पुष्कळ सापडली, तर तिथे माकडांना खूप निवांत वेळ मिळाला आहे. राखण तिथे कमी पडते आहे.

आता हातातून हिसकावणं. हे रानातून आलेलं नाही, हे शिकवलेलं आहे, आणि शिकणारा विद्यार्थी हुशार आहे. पोर्तो रिकोजवळच्या केयो सांतियागो बेटावर माकडांसमोर दोन माणसं द्राक्ष ठेवून उभी राहिली. एकाचं तोंड माकडाकडे, दुसऱ्याचं पाठमोरं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात माकडांनी द्राक्ष पळवलं ते मुख्यतः न बघणाऱ्याचं. आपल्याकडे कर्नाटकातल्या बंदीपूरमध्ये अनिंद्य सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाल तोंडाच्या माकडांचा अभ्यास केला. तिथली काही माकडं खाणं घेऊन चाललेल्या माणसाकडे हात पुढे करून विशिष्ट आवाज काढतात, त्याचं लक्ष आहे का ते पाहतात, आणि मिळालं की थांबतात. वृंदावनात तर माकडं चष्मा पळवतात आणि फळांच्या रसाचा डबा मिळाला की तो परत करतात. बालीतल्या उलुवाटू मंदिरातही हाच व्यवहार चालतो. माणसं ओळखायला, कोण भित्रं, कोण गाफील, कुणाच्या हातात पिशवी आहे हे बघायला माकडं आपल्याकडूनच शिकली.

शिकवणी कशी होते, तर एका केळ्यानं. आंबोली घाटात गाडी थांबते, कुणी वड्याचा तुकडा फेकतं, कुणी शनिवार आहे म्हणून फुटाणे टाकतं. दहा गाड्यांपैकी दोनच देतात. पण अधूनमधून मिळणारं बक्षीस रोज मिळणाऱ्यापेक्षा जास्त चिकट असतं. न मिळालं तरी माकड आशा सोडत नाही, उलट आणखी पुढे येतं. पुढे येण्यातली शेवटची पायरी म्हणजे हात. आणि पिशवीचा आवाज कानावर आला की काय घडणार हे ठाऊक झालेलं माकड मग वाडीतल्या बाजाराच्या पिशवीलाही तसाच हात घालतं.

इथे सभेतली पंचाईत होते. केळं देणारा पुण्य पदरात पाडून पुढच्या वळणाला निघून जातो आणि नारळ गमावणारा खालच्या वाडीत राहतो. दोघांची कधी भेट होत नाही. खाऊ घातल्यानं माकडांची भूक भागते आणि ती शेतात येत नाहीत, असा उलट युक्तिवादही हमखास येतो. जपानमध्ये तो करून पाहिलेला आहे. ओइता शहराजवळ ताकासाकियामा डोंगराभोवतीच्या शेतांत माकडांचा त्रास होता. १९५२-५३ मध्ये त्यांना डोंगरावरच खाणं द्यायला सुरुवात झाली. पर्यटकही येतील आणि शेतंही वाचतील असा दुहेरी विचार होता. त्या वेळी तिथे दोनशेच्या आसपास माकडं होती. खाणं पुरेसं मिळू लागलं, माद्या लवकर वयात येऊ लागल्या, दोन बाळंतपणांतलं अंतर घटलं, पिल्लं जगू लागली. काही दशकांत संख्या दोन हजारांच्या घरात गेली. मग दिलं जाणारं खाणं हळूहळू कमी करत न्यावं लागलं. घाटातलं केळं आज एका माकडाचं पोट भरतं आणि चार वर्षांनी आणखी माकडांची सोय करतं.

“मग पकडून न्या की,” हा पुढचा प्रश्न. पकडून दूर सोडलेलं माकड दुसऱ्या गावाच्या गळ्यात पडतं, आणि रिकाम्या झालेल्या जागेत शेजारचा कळप शिरतो. माद्या जन्मभर एकाच कळपात राहतात, नर वयात आल्यावर दुसरीकडे जातात, म्हणून दोन-चार नर उचलल्यानं कळप मोडत नाही. नसबंदी हिमाचल प्रदेशानं मोठ्या प्रमाणावर केली. २००६-०७ पासून लाखाहून जास्त माकडांची. तिथून शिकायचं ते इतकंच की नसबंदीनं उद्याचा जन्म थांबतो, आजची भूक थांबत नाही. माकड वीस-पंचवीस वर्षं जगू शकतं आणि नसबंदी झाली म्हणून त्याचं तोंड कुणी शिवत नाही. मी नसबंदीच्या विरोधात नाही. दोन वर्षांत बाग वाचेल असं सांगणाऱ्याच्या विरोधात मात्र आहे.

उपाय म्हणून मी मोजकंच सांगतो, कारण प्रत्येक उपाय धोक्याचं पारडं जड करतो की नाही एवढं तपासायचं असतं. बुजगावणं आणि फटाके पहिले काही दिवस चालतात. आवाजामागून काहीच घडत नाही हे कळलं की ते निरुपयोगी. राखण चालते, पण माकडं बागेत शिरल्यावर नव्हे. रानाच्या कडेला, ती झाडावर येऊन बघत असतानाच त्यांना हाकलावं लागतं. एकेका घराला हे झेपत नाही. चार घरांनी पाळी लावली तरच जमतं, आणि मोकळी माणसं नसलेल्या वाडीत तेही अवघड. माडांना टेकलेल्या आणि घराच्या कौलांवर झुकलेल्या फांद्या छाटल्या की येण्याचा रस्ता लांबतो. रानाकडेच्या पट्ट्यात भुईमूग-केळीऐवजी हळद, आलं, सुरण असं माकडांना नकोसं पीक घेतलं तर नुकसान घटतं. केळी घराजवळ, जिथे दिवसभर माणूस दिसतो. सौर कुंपण रानडुकरांसाठी बरं. माकडं त्यावरून झाडाच्या आधारानं उडी मारतात, म्हणून भोवतालची झाडं तोडल्याशिवाय त्यावर खर्च करू नये.

हिसकावणारं माकड समोर आलंच तर डोळ्याला डोळा भिडवू नये, कारण ते त्याला आव्हान वाटतं. दात दाखवून हसूही नये. पिशवी ओढाओढीत सोडून द्यावी, पण नंतर ती सोडवायला दुसरं काही देऊ नये. चावलं तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुऊन त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं.

यापुढचं काम मात्र वाडीतल्या माणसाच्या हातात नाही. जिथे पर्यटकांकडून वाहनतळाचे पैसे घेतले जातात, तिथे मोसमात दोन माणसं नेमून खाणं देणाऱ्याला थांबवणं आणि कचऱ्याचे डबे माकडांना उघडता येणार नाहीत असे ठेवणं, हे वाडीच्या सभेत नव्हे, ग्रामपंचायतीच्या ठरावात मांडावं लागतं. ठरावात वरच्या घाटातल्या गावाचं आणि खालच्या वाडीचं नाव एकत्र असलं पाहिजे, कारण पैसे वरच्याला मिळतात आणि नुकसान खालच्याचं होतं. तात्यांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “आणि वरचे आमचा कित्याक ऐकतले?” तालुक्याच्या पातळीवर हा प्रश्न अजून कुणी मांडलेला मी पाहिलेला नाही.