पुण्यात आपलं कोण आहे?

"मी नाही म्हनत नाही, पन पुन्याले आपलं कोन हाये?" अनसिंगमध्ये आमच्या शेजारी राहणाऱ्या गृहस्थांनी आपल्या लेकीला विचारलेला हा प्रश्न. तिला पुण्याच्या एका कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली होती, महिना 12 हजार स्टायपेंड. ती म्हणाली, "बाबा, काही होत नाही, सगळ्याच मुली जातात." त्यानंतर दोन दिवस घरात तो विषय कुणी काढला नाही.

मुलीचं म्हणणं खोटं नव्हतं, पण ते त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. ‘आपलं कोण’ याचा अर्थ एवढाच, की रात्री अकराला तुझा फोन लागला नाही, तर मी कुणाचं दार वाजवू? शिवाय या काळजीला तारीख आहे. 25 फेब्रुवारी 2025 ला पहाटे स्वारगेट स्थानकात फलटणला निघालेल्या तरुणीवर उभ्या शिवशाही बसमध्ये अत्याचार झाला. तिची बस दुसरीकडे लागली आहे, असं सांगून तिला तिकडे नेलं गेलं होतं. त्यात त्या तरुणीची काही चूक नव्हती. स्थानक सुरक्षित ठेवणं हे तिचं काम नव्हतंच. तरी ती बातमी वाचलेल्या बापाला ‘काही होत नाही’ कसं पटावं?

तिसऱ्या दिवशी मुलगी वही घेऊन बसली. सुरुवात केली प्रवासापासून. आपल्याकडच्या ट्रॅव्हल्स संध्याकाळी निघतात आणि वाघोली-खराडीला अंधार असतानाच उतरवतात. म्हणून पहिल्या खेपेला वडिलांनी सोबत यायचं, आणि पुढे एकटीने जाताना दिवसाउजेडी पोचेल अशीच गाडी धरायची.

खोलीसाठी तिने फोटो पाहून आगाऊ पैसे पाठवले नाहीत. डिपॉझिटच्या नावाखाली फसवणूक होते ती इथेच: खोली छान, भाडं कमी आणि ‘आजच टोकन टाका, नाहीतर जाईल’ अशी घाई. पहिले चार दिवस ओळखीच्या मैत्रिणीकडे राहून तिने कॉट बेसिसवरच्या तीन जागा वडिलांबरोबर पाहिल्या. त्यातली एक ठरली: तिघींत एक खोली, भाडं साडेपाच हजार, एक महिन्याचं डिपॉझिट, सोडताना महिनाभर आधी सांगायचं. वडिलांनी मालकीणबाईंशी स्वतः बोलून नंबर घेतला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. कॉट बेसिसवर बरेचदा तो टाळतात; तेव्हा निदान डिपॉझिटची सही असलेली पावती तरी घ्यावीच. मग बापलेक रात्री आठला ऑफिसपासून खोलीपर्यंत चालत आले. दुपारी गजबजलेल्या रस्त्याचा एक तुकडा तेव्हा सामसूम होता. त्या तुकड्यापुरती रोज रिक्षा करायची ठरली आणि तो खर्च हिशेबात धरला.

स्टायपेंड महिना संपल्यावर हातात येतो. म्हणजे भाडं, डिपॉझिट, मेस आणि जाणं-येणं हे सगळं आधी घरूनच द्यावं लागतं. सोयाबीनचे पैसे हाती होते म्हणून जमलं. पण हे आधी बोललं नसतं, तर मुलीने ते कुणाकडून तरी गुपचूप उसने घेतले असते.

माझा खरा मुद्दा या गुपचूपपणाचा आहे. ‘काही झालं तर लगेच परत आणीन’ या धाकाखाली गेलेली मुलगी जे काही घडेल ते लपवते. कंपनीत कुणी त्रास दिला, तर 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तक्रार साधारण तीन महिन्यांत करावी लागते. घरी सांगायची भीती असेल, तर हे तीन महिने असेच निघून जातात. दिवसभर फोनवर तिचं लोकेशन पाहूनही असा त्रास कळत नाही. उलट बॅटरी संपून ठिपका थांबला, की अख्ख्या घराचा जीव टांगणीला. त्यापेक्षा रात्री साडेनऊचा एक फोन, आणि तो आला नाही तर मालकीणबाईंना फोन, हे पुरतं.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर परतीच्या अटी दोन्ही बाजूंनी लिहिल्या गेल्या. दुसऱ्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पहिला स्टायपेंड आला नाही, कामाची जागा न विचारता बदलली किंवा खोलीत असुरक्षित वाटलं, तर तिने परत यायचं. परतीच्या भाड्याचे पैसे वेगळे ठेवायचे, त्यांना हात लावायचा नाही. आणि ती आली, तर ‘तरी सांगत होतो’ असं घरात कुणी म्हणायचं नाही. हे शेवटचं वाक्य आईने लिहायला लावलं.

मुलगा निघाला असता तर ही वही झाली नसती, याची मला खंत आहे. डिपॉझिट बुडवणारा समोर मुलगा आहे की मुलगी, हे पाहत नाही. ज्यांच्या घरी मुलगा निघाला आहे, त्यांनीही वही घेऊन बसावं.