पुस्तक मिटल्यावर काय उरतं

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगाची मांडणी अगदी साधी होती. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा वाचायला दिला. अभ्यासासाठी चार फेऱ्या होत्या. पहिल्या गटाने चारही फेऱ्यांत उतारा वाचला. दुसऱ्याने तीन फेऱ्या वाचला आणि चौथीत तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. तिसऱ्याने एकच फेरी वाचला, उरलेल्या तीन फेऱ्यांत फक्त आठवून लिहिलं. लिहिलेलं बरोबर की चूक, हे कुणालाही सांगितलं नाही.

पाच मिनिटांनंतर परीक्षा घेतली तेव्हा नुसतं वाचणारा गट पहिला आला. त्याला उताऱ्यातले ८३ टक्के मुद्दे आठवले, तर सर्वांत कमी वाचलेल्या तिसऱ्या गटाला ७१ टक्के. ज्यांची परीक्षा आठवड्याने झाली, त्यांच्यात मात्र क्रम उलटला. चार फेऱ्या वाचणाऱ्यांकडे ४० टक्के मुद्दे उरले होते, एकदा आठवून लिहिणाऱ्यांकडे ५६ टक्के आणि तीनदा लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. पहिल्या गटातल्या विद्यार्थ्याचा उतारा सरासरी १४ वेळा वाचून झाला होता, तिसऱ्या गटातल्याचा तीन-साडेतीन वेळा.

या आकड्यांइतकंच बोलकं आणखी एक निरीक्षण आहे. अभ्यास संपल्यावर लगेच सगळ्यांना विचारलं होतं, की आठवड्यानंतर तुम्हाला हे कितपत आठवेल? सर्वांत जास्त भरवसा होता १४ वेळा वाचणाऱ्यांना आणि सर्वांत कमी तिसऱ्या गटाला. म्हणजे अभ्यास कसा झाला याचा विद्यार्थ्याच्या मनातला अंदाज नुसता कमी-जास्त निघाला नाही, तो उलट्या दिशेने चुकला. उजळणीविषयीच्या सगळ्या संशोधनातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणायला हवी. कारण विद्यार्थी पद्धत निवडतो ती याच अंदाजावर. कार्पिक आणि सहकाऱ्यांनी २००९ साली १७७ विद्यार्थ्यांना अभ्यासाच्या सवयी विचारल्या तेव्हा ८४ टक्क्यांनी पुन्हा वाचतो असं सांगितलं. स्वतःहून आठवून पाहतो असं म्हणणारे ११ टक्केच होते.

अंदाज असा का चुकतो? दुसऱ्यांदा वाचताना वाक्यं ओळखीची वाटतात, डोळे भरभर पुढे सरकतात, कुठे अडखळायला होत नाही. हा सहजपणा म्हणजेच ‘आलं’ असं मनाला वाटतं. पण समोर दिसलेली गोष्ट ओळखणं वेगळं आणि समोर काहीच नसताना ती मनातून बाहेर काढणं वेगळं. परीक्षेत दुसरं काम करावं लागतं आणि वाचताना सराव होतो तो पहिल्याचा. आठवून लिहिणाऱ्याला मात्र पाच मिनिटांत कळून चुकतं, की अर्धं निसटलं आहे. ते कळणं बोचतं आणि अभ्यास कच्चा झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात, जे जोर लावून आठवलं जातं ते त्या जोरामुळेच पुढच्या वेळी सापडायला सोपं होतं. आठवणं हे आठवणीचं मोजमाप तर आहेच, शिवाय ते आठवण बदलतं, घट्ट करतं.

रोडिगर आणि कार्पिक यांनीच २००८ साली ही गोष्ट आणखी नेमकी केली. या वेळी विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द अर्थासह पाठ करायचे होते. ‘माशुआ’ म्हणजे होडी, असे. एखादा शब्द एकदा बरोबर आठवला की पुढे त्याचं काय करायचं, एवढाच काय तो गटागटांत फरक. काहींना तो पुन्हा दाखवला जाई पण विचारला जात नसे, काहींना पुन्हा विचारला जाई पण दाखवला जात नसे. काहींसाठी दोन्ही चालू राहिलं, तर काहींसाठी दोन्ही बंद झालं. शब्द शिकण्याचा वेग चारही गटांत जवळपास सारखाच राहिला. आठवड्यानंतर मात्र ज्यांना विचारणं चालू होतं त्या दोन्ही गटांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले. विचारणं थांबलेल्या गटांना आठवले ३६ आणि ३३ टक्के. एकदा येऊ लागलेला शब्द पुन्हा पुन्हा पाहून जवळजवळ काही पदरात पडलं नाही. आणि स्वतःला किती आठवेल याचा अंदाज? चारही गटांत साधारण ५० टक्के. आपला अभ्यास कुठल्या पद्धतीने चालला आहे याचा त्या अंदाजावर काही परिणामच नव्हता.

इथे एका सर्रास सवयीकडे बोट दाखवायला हवं. प्रश्नाचं उत्तर एकदा बरोबर आलं, की त्यापुढे टिकमार्क करून तो प्रश्न कायमचा बाजूला टाकला जातो. वेळ वाचवणारी, शहाणपणाची वाटणारी ही सवय म्हणजे प्रयोगातला ३३ टक्क्यांचा गट.

आता प्रश्न उरतो तो केव्हा विचारायचं याचा. हरमान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ सालच्या ग्रंथात स्वतःवर केलेले प्रयोग मांडले. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करून त्या किती टिकतात हे तो मोजत असे. १२ अक्षरगटांची एक यादी लागोपाठ ६८ वेळा घोकल्याने दुसऱ्या दिवशी जेवढा लाभ होई, तेवढा तीन दिवसांत विभागलेल्या ३८ घोकण्यांनी मिळे. सव्वाशे वर्षांनी निकोलस सेपेडा, हॅरॉल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी याचा पुढचा प्रश्न हाती घेतला. विभागायचं तर किती अंतराने? तेराशेहून अधिक लोकांना त्यांनी अपरिचित माहितीचे काही तुकडे शिकवले, काही काळाने उत्तरं विचारून आणि लगेच बरोबर उत्तर दाखवून एकदा उजळणी घेतली आणि मग थेट शेवटची परीक्षा. उत्तर एका आकड्यात बसलं नाही, ते परीक्षा किती दूर आहे यावर ठरत गेलं. उजळणीनंतर आठवड्याने परीक्षा असेल तर पहिला अभ्यास आणि उजळणी यांत एका दिवसाचं अंतर उत्तम ठरलं. पस्तीस दिवसांनी असेल तर ११ दिवस, सत्तर दिवसांनी असेल तर २१ दिवस. यात एक दिलासाही आहे. अंतर गरजेपेक्षा थोडं जास्त झालं तर तोटा फारसा होत नाही, फार कमी ठेवलं तर बराच होतो.

हे प्रत्यक्षात कसं दिसेल? राज्यसेवेची तयारी करणारी एखादी मुलगी घेऊ. तिची परीक्षा तीन महिन्यांवर आहे आणि आज तिने राज्यघटनेतले मूलभूत हक्क वाचले. अभ्यासिकेतल्या बहुतेकांसारखी ती आज संध्याकाळी तेच प्रकरण हायलायटर घेऊन पुन्हा वाचू शकते. त्याऐवजी तिने पुस्तक मिटलं आणि कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. समतेचा हक्क, कलम १४ ते १८. त्यातलं १७ अस्पृश्यतेचं, हे चटकन आलं. १८ काय? थोडं थांबल्यावर आठवलं, किताब. स्वातंत्र्याचा हक्क १९ ते २२. इथे तिने २० पुढे अटकेविषयीचं संरक्षण लिहिलं आणि २२ रिकामं राहिलं. शोषणाविरुद्ध २३ आणि २४, धर्मस्वातंत्र्य २५ ते २८, अल्पसंख्याकांचे सांस्कृतिक आणि शैक्षणिक हक्क २९ आणि ३०. मग थेट ३२, घटनात्मक उपाययोजनेचा हक्क. ३१ कुठे गेलं?

आता पुस्तक उघडायचं, पण फक्त या जागांसाठी. अटकेचं संरक्षण २२ मध्ये आहे, २० मध्ये गुन्ह्याच्या दोषसिद्धीबाबतचं संरक्षण आहे. ३१ मालमत्तेच्या हक्काचं होतं. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ते वगळलं आणि तो हक्क कलम ३०० अ मध्ये साध्या कायदेशीर हक्काच्या रूपात गेला. हा तपासणीचा टप्पा सोडून चालत नाही, कारण २० पुढे लिहिलेली चूक तशीच राहिली तर पुढच्या वेळी तीच आत्मविश्वासाने बाहेर येण्याचा धोका असतो. सेपेडांच्या हिशेबाने तिची मोठी उजळणी तीन आठवड्यांनी, म्हणजे परीक्षेला साधारण सत्तर दिवस असताना येते. तेव्हाही सुरुवात कोऱ्या कागदाने करायची, जी कलमं आज नीट आली तीही पुन्हा लिहायची, नुसती २० आणि २२ नाहीत. मध्ये एखादी छोटी फेरी घ्यायला काहीच हरकत नाही. अनेक फेऱ्या घ्यायच्या तर त्यांतली अंतरं वाढती ठेवावीत की सारखी, यावर संशोधनाचा कौल एकमुखी नाही. फेऱ्या लांबलांब असाव्यात, एवढं मात्र पक्कं आहे.

ही पद्धत फसते ती बहुधा दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे घाई. प्रश्न वाचून दोन सेकंदांत उत्तराकडे नजर टाकली आणि ‘हो, हेच म्हणणार होते’ असं वाटलं, की ते पुन्हा वाचनच झालं. उत्तर लिहून किंवा मोठ्याने बोलून झाल्याशिवाय पान उलटायचं नाही, हा त्यावरचा साधा बंदोबस्त. दुसरं म्हणजे फार लवकर, फार कमी आठवत असताना केलेला सराव. कागद कोराच राहत असेल तर आठवून घट्ट करायला हाताशी काही नसतं. तेव्हा पुन्हा वाचणंच योग्य आणि अर्थ लागला नसेल तर कुणाकडून समजून घेणं योग्य. एकमेकांत गुंतलेल्या अनेक घटकांचा मजकूर, गणितातली लांबलचक उदाहरणं यांत आठवण्याचा फायदा किती टिकतो यावर अभ्यासकांत वादही झाला आहे. म्हणून मूलभूत हक्कांसारख्या प्रकरणात जेवढ्या विश्वासाने ही पद्धत सुचवता येते, तेवढ्या विश्वासाने ती प्रत्येक विषयाला लावू नये.

वाचनाच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करायला हवी, आणि ती पहिल्याच प्रयोगात आहे. पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत वाचणारेच पुढे होते. परीक्षागृहाच्या दाराशी उभं राहून शेवटची नजर फिरवणाऱ्याला त्या काही मिनिटांपुरता फायदा होतोच, आणि या फायद्यामुळेच पुन्हा पुन्हा वाचण्यावरचा विश्वास पिढ्यानपिढ्या टिकून आहे. पूर्वपरीक्षा संपल्यावर तेच कलम २२ मुख्य परीक्षेसाठी पुन्हा लागतं तेव्हा मधल्या काही महिन्यांत त्यातलं काय उरलं, हे मोजायला सहसा कुणी मागे वळत नाही. ते प्रकरण पुन्हा नव्याने वाचायला घेतलं जातं आणि ते पुन्हा ओळखीचं वाटतं.