समजलंय, पण सांगता येत नाही

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात कुठल्याही अभ्यासिकेत जा, हे वाक्य ऐकू येतंच. ‘मला समजलंय रे, फक्त सांगता येत नाहीये.’ म्हणणारा खोटं बोलत नसतो. पान डोळ्यांसमोर असतं, ओळी ओळखीच्या वाटतात, पिवळ्या मार्करने रंगवलेला भाग तर पाठच झालेला असतो. प्रश्न एवढाच आहे की या ओळखीला ‘समजणं’ म्हणायचं का?

काही बाबतीत म्हणावं लागेल. कोल्हापुरातल्या एखाद्या तालमीतल्या वस्तादांना विचारा, ढाक लावताना कंबर नेमकी कधी वळवायची? ते सांगणार नाहीत, लावून दाखवतील. सांगता आलं नाही म्हणून त्यांना डाव कळत नाही असं म्हणायची कुणाची हिंमत नाही. पण डाव अंगात असतो. सिद्धांताला अंग नसतं. तो विधानांचाच बनलेला असतो, म्हणून तो मांडता न येणं म्हणजे त्यातलं काहीतरी हाती न लागणंच.

आपल्याकडच्या नैयायिकांनी हा फरक फार पूर्वी केला होता. स्वतःसाठीचं अनुमान ते स्वार्थानुमान, दुसऱ्याला पटवण्यासाठीचं ते परार्थानुमान. जोतिबाच्या डोंगरावर धूर दिसला की मनात लगेच ‘आग लागली’ येतं; मधल्या पायऱ्या मोजायची गरज नसते. शेजारच्याने ‘कशावरून?’ विचारलं की मात्र पाच अवयव लागतात. डोंगरावर आग आहे. कारण धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जसं चुलीत. तसाच धूर या डोंगरावर आहे. म्हणून आग आहे. यातली चौथी पायरी, उपनय, सगळ्यात दुर्लक्षित. सर्वसाधारण नियम समोरच्या नेमक्या गोष्टीला लावून दाखवायचा, इतकंच तिचं काम. पाठांतर करणारा नेमका तिथेच अडकतो.

कसा, ते एका उदाहरणातून सांगते. माझा एक मित्र एम.ए.ला तत्त्वज्ञान घेऊन बसला होता. मी इतिहासाची, म्हणजे त्याच्या विषयात अडाणी. श्रोता म्हणून हे फायद्याचं असतं. पेपरच्या चार दिवस आधी रंकाळ्याच्या कठड्यावर त्याने स्याद्वाद सांगायला घेतला. विषय तसा कोल्हापूरच्या घरचा. जैन वाङ्मयाचे मोठे अभ्यासक आ. ने. उपाध्ये इथल्याच राजाराम कॉलेजात शिकवत. ‘प्रवचनसार’ची त्यांनी संपादित केलेली आवृत्ती १९३५ साली आली.

सुरुवात झकास झाली. वस्तूला अनंत धर्म असतात, एका विधानात ते सगळे मावत नाहीत, म्हणून प्रत्येक विधानाआधी ‘स्यात्’ लावायचं. मग त्याने सात भंग एका दमात म्हणून दाखवले. आहे, नाही, आहे आणि नाही, अवक्तव्य, आणि अवक्तव्याला जोडून उरलेले तीन.

मी विचारलं, “स्यात् म्हणजे ‘कदाचित’ का?”

“हां, तसंच.”

“मग समोर मडकं असताना तुला ते आहे की नाही याची खात्री नाही?”

इथे गाडी थांबली. बऱ्याच गाईडांमध्ये स्यात्‌चा अर्थ ‘कदाचित’ दिलेला सापडतो, आणि मनातल्या मनात वाचताना तो खपूनही जातो. मोठ्याने म्हटल्यावर मात्र जैन तत्त्वज्ञ संशयी ठरतात, आणि ते तर नाहीत. त्याने वही उघडली. मूळ मांडणीत ‘स्यात्’सोबत आणखी एक शब्द येतो: ‘एव’. स्यात् अस्ति एव. एका विशिष्ट अपेक्षेने मडकं आहेच. मातीचं म्हणून आहेच, सोन्याचं म्हणून नाहीच. कोल्हापुरात आहेच, सांगलीत नाहीच. आज आहेच, कुंभाराने चाक फिरवण्याआधी नव्हतंच. लाल म्हणून आहेच, काळं म्हणून नाहीच. द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव या त्या चार बाजू. ‘स्यात्’ खात्री काढून घेत नाही, ती कुठल्या बाजूपुरती आहे ते बांधून देतं. ‘एव’ हा छोटा शब्द त्याच्या नोट्समध्ये होता, पण त्याचं काम काय हे विचारल्याशिवाय कळलं नव्हतं.

दुसरा प्रश्न सोपा होता. सातच का, आठ का नाहीत? त्याने कागदावर मांडलं. मूळ पर्याय तीनच. आहे, नाही, आणि दोन्ही एकाच वेळी म्हणायला शब्द अपुरा पडतो म्हणून अवक्तव्य. एकेकटे तीन, दोन-दोनच्या जोड्या तीन, तिन्ही मिळून एक. सात. तिसरा आणि चौथा भंग एकच आहेत असं वाटणाऱ्यांनी इथे थांबावं: तिसऱ्यात ‘आहे’ आणि ‘नाही’ एकामागून एक येतात, चौथ्यात एकदम. यादी पाठ असणं आणि यादी पुन्हा तयार करता येणं यातलं अंतर अशा प्रश्नाने दिसतं.

खरी झटापट तिसऱ्या प्रश्नावर झाली. मी माझ्या विषयातलं काढलं. १८९९ च्या सुमारास पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हणत होते, कारण महाराज त्यांच्या लेखी शूद्र. त्यातून वेदोक्ताचं प्रकरण पेटलं. “मग तुझ्या स्याद्वादाने पुरोहितही त्यांच्या बाजूने बरोबर, महाराजही त्यांच्या बाजूने बरोबर. असंच ना?”

“म्हंजे... तसं नाही,” तो म्हणाला आणि बराच वेळ गप्प बसला. ‘तसं नाही’ हे त्याला जाणवत होतं, कारण सापडत नव्हतं. उपनय अडला होता.

परत सात भंग म्हणून उपयोग नव्हता. त्याने मडक्यापासून पुन्हा सुरुवात केली आणि बोलता बोलता त्यालाच ते सापडलं. त्या चारही बाजू मडक्याच्या आहेत, बघणाऱ्याच्या नाहीत. मडकं मातीचं आहे हे मला तसं वाटतं म्हणून नव्हे, ते मातीचं आहे म्हणून. म्हणजे ‘माझ्या मते’ ही अपेक्षाच नव्हे. नुसतं मत आहे म्हणून कुणाच्या पदरात सत्याचा तुकडा पडत नाही. वस्तूतली बाजू दाखवावी लागते, तीही प्रमाणाने. शिवाय एक बाजू खरी असली तरी ‘एवढीच खरी’ म्हणत बाकीच्या नाकारल्या की तो नय राहत नाही, दुर्नय होतो. तेव्हा पुरोहितांना विचारावं लागेल: शूद्र म्हणता ते कशाच्या आधारावर? स्याद्वाद निकाल देत नाही, पण हा प्रश्न चुकवू देत नाही.

मला हे उत्तर पटलं. पूर्ण नाही. वर्ण ही माणसातली बाजू आहे की समाजाने त्याच्यावर चिकटवलेली, हे त्यात सुटत नाही. पण आता निदान आम्ही सिद्धांताशी भांडत होतो, गाईडशी नाही.

या पद्धतीची एक खोट सांगायला हवी. श्रोता मान डोलावणारा असेल तर ती उलटते. बोलण्याच्या ओघाने बोलणाऱ्यालाच खात्री वाटू लागते, आणि मैत्रीखातर ऐकणारा ‘हां, कळलं’ म्हणतो. ओळखायची खूण साधी आहे. श्रोत्याला स्वतःचं उदाहरण देता येतंय का ते पाहा. आणि सांगणाऱ्याला अडवल्यावर तो तेच वाक्य जास्त जोरात म्हणतो की दुसऱ्या शब्दांत, हेही पाहा.

अंधार पडला तेव्हा उठता उठता मी शेवटचं विचारलं. सगळंच अपेक्षेने खरं, तर स्याद्वाद स्वतः कुठल्या अपेक्षेने खरा? तो हसला. म्हणाला, समंतभद्रांनी म्हटलंय की अनेकान्तही अनेकान्तच आहे. प्रमाणाने पाहिलं तर अनेकान्त, एखाद्या नयाने पाहिलं तर एकान्त.

“म्हणजे काय?”

“उद्या सांगतो. आधी मला कळू दे की.”