वी, बेर्न, ड्रीख : स्कॉटलंडची कादंबरी वाचताना

स्कॉटलंडच्या कादंबरीत वाचकाला बहुधा सर्वांत आधी 'वी' हा शब्द भेटतो. त्याचा अर्थ लहान. जुन्या इंग्रजीत वजनासाठी जो शब्द होता, त्यातून तो आला. आधी 'थोडेसे वजन' म्हणजे थोडेसे प्रमाण अशा अर्थाने तो नाम म्हणून वापरला जाई. पुढे वजनाचा अर्थ झिजून गेला आणि 'थोडेसे' एवढेच विशेषण म्हणून उरले. पण कादंबरीतला 'वी' नेहमीच आकार सांगत नाही. 'वी कप ऑफ टी' म्हणजे छोट्या कपातला चहा नव्हे आणि 'वी मिनिट' साठ सेकंदांपेक्षा कमी नसते. अशा ठिकाणी तो बोलण्यातला आग्रह किंवा मागणी मऊ करतो. मराठीत 'चहा घ्या' आणि 'जरासा चहा घ्या' यांत जो फरक पडतो, तोच इथे पडतो. घरी आलेल्या माणसाला 'वी' चहा विचारणारी बाई पाहुणचारात हात आखडत नसते. एखाद्याच्या दुःखाबद्दल किंवा आजाराबद्दल बोलतानाही हा शब्द माया आणतो, आणि संतापलेल्या माणसाच्या तोंडी तोच शब्द समोरच्याला क्षुद्र ठरवतो. म्हणून 'वी' वाचताना शेजारच्या नामापेक्षा बोलणाऱ्याचा स्वर आधी पाहावा.

'बेर्न' म्हणजे मूल. जुन्या इंग्रजीत हाच शब्द होता आणि तो जन्म देण्याच्या क्रियापदाशी जोडलेला होता. नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये मुलाला आजही 'बार्न' म्हणतात. दक्षिण इंग्लंडमध्ये तो मागे पडला, स्कॉटलंडमध्ये आणि इंग्लंडच्या उत्तर भागात टिकला. मराठी वाचकाला इथे 'लेकरू' हा शब्द सुचतो, आणि काही वाक्यांत तो चपखल बसतो, कारण 'बेर्न'मध्ये वयाइतकेच नातेही आहे: आईला तिचा मोठा झालेला मुलगाही बेर्नच. तरी प्रत्येक ठिकाणी 'लेकरू' वाचणे चुकीचे ठरेल. जिथे हा शब्द बोलला जातो तिथे तो रोजचा, साधा शब्द आहे. त्यात मुद्दाम ओतलेला जिव्हाळा नाही.

याच शब्दावरून कथेचा मुलूखही ओळखता येतो. एडिनबरा आणि पूर्वेकडच्या भागात 'बेर्न' चालतो. ग्लासगो आणि पश्चिमेकडे मुलाला 'वेन' म्हणतात. 'वेन' हा 'वी' आणि 'एन' म्हणजे 'एक' यांचा जोड: छोटा एक, छोटी एक. डग्लस स्टुअर्ट यांच्या 2020 साली बुकर पारितोषिक मिळालेल्या 'शगी बेन' या कादंबरीचे जग ग्लासगोचे, म्हणून तिथली बोली 'वेन'च्या बाजूची. अर्व्हिन वेल्श यांची 1993 सालची 'ट्रेनस्पॉटिंग' एडिनबराच्या लीथ बंदरातली, म्हणून ती 'बेर्न'च्या बाजूची. त्याहून वर, ॲबर्डीनच्या आसपासच्या ईशान्य भागात मुलगा 'लून' आणि मुलगी 'क्वाइन' होते, आणि इंग्रजी प्रश्नार्थक शब्दांच्या आरंभीच्या ध्वनीऐवजी फ येतो. तिथे 'फिट लाइक?' असे कोणी विचारले तर ते क्षेमकुशल असते. एका पात्राच्या तोंडी 'वेन' आणि दुसऱ्याच्या तोंडी 'बेर्न' आला, तर लेखकाने एकही वाक्य खर्च न करता दोघांची गावे सांगितली असे समजावे.

'ड्रीख' हा तिघांतला सर्वांत अवघड, कारण त्याचा उच्चारही परका आणि अनुभवही परका. शेवटचा ध्वनी मराठीतल्या 'खडू'च्या खसारखा नाही. जीभ टाळूला न टेकवता घशातून घासत निघणारा, उर्दू 'ख़बर'मधल्या ख़च्या जवळचा तो आहे. स्कॉटलंडच्या सरोवरांना म्हणतात त्या 'लॉख' शब्दातही तोच. ड्रीखचा मूळ अर्थ लांबलेला, संपता संपेना असा. प्रवचन ड्रीख असे, रस्ता ड्रीख असे, उधारी फेडायला वेळ लावणारा माणूसही ड्रीख असे. हवेकडे तो अर्थ नंतर वळला, आणि आता हवेसाठीच तो सर्वांत जास्त वापरला जातो. ड्रीख दिवस म्हणजे वादळ नव्हे, मुसळधारही नव्हे. सकाळपासून करडे मळभ, थंड ओल, बारीक रिपरिप, आणि हे सारे उद्याही असेच राहील असे वाटायला लावणारी हवा. पूर्व किनाऱ्यावर समुद्रावरून येणाऱ्या गार धुक्याला 'हार' हे वेगळे नाव आहे, अंगाला जेमतेम जाणवणाऱ्या भुरभुरीला 'स्मर' हे वेगळे. मराठी वाचकाच्या मनात पाऊस म्हटला की दिलासा येतो, पेरणी येते. ड्रीखमध्ये त्यातले काहीच नाही. कादंबरीतल्या दफनविधीच्या दिवशी हवा ड्रीख असली, तर लांबण आणि उदासी हे दोन्ही अर्थ एकदम काम करत असतात. 'पावसाळी हवा' असे वाचून पुढे गेलेला वाचक त्यातला अर्धा भाग गमावतो.

हे शब्द बिघडलेल्या इंग्रजीतले नाहीत, आणि ते गेलिकही नाहीत. गेलिक ही डोंगराळ उत्तरेतली आणि पश्चिमेकडच्या बेटांवरची केल्टिक भाषा. 'लॉख' आणि 'ग्लेन' तिच्याकडून आले. हे शब्द स्कॉट्सचे, आणि स्कॉट्स ही इंग्रजीची बहीण. जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडच्या रूपातून ती वाढली, तिच्यावर स्कँडिनेव्हियन भाषांचा ठसा उमटला, आणि पुढे राजदरबार, कायदा आणि काव्य ही तिची स्वतःची क्षेत्रे झाली. 1560च्या धर्मसुधारणेनंतर चर्चमध्ये बायबल आले ते इंग्रजीत. 1603 साली राजा सहावा जेम्स लंडनला गेला आणि 1707 साली एडिनबराची संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली. अशी तिची क्षेत्रे आकसत गेली. भाषा बोलण्यात राहिली, पण तिचे एक ठरलेले लेखन कधी झालेच नाही. म्हणून एकच शब्द तीन कादंबऱ्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेला आढळतो.

तरीही अनोळखी दिसणाऱ्या शब्दांपैकी बरेचसे दोन-तीन ध्वनिनियमांनी उलगडतात. पंधराव्या-सोळाव्या शतकांत इंग्रजीतला दीर्घ ऊ बदलून आऊ झाला. स्कॉट्समध्ये तो तसाच राहिला. त्यामुळे हाउसचा 'हूस', डाउनचा 'डून', आउटचा 'ऊट', काउचा 'कू'. दुसरे, जिथे इंग्रजीत ओ आला तिथे अनेक शब्दांत स्कॉट्समध्ये ए आहे: होमचा 'हेम', स्टोनचा 'स्टेन', बोनचा 'बेन'. तिसरे, इंग्रजी लेखनात जी-एच ही अक्षरे आज मुकी उभी आहेत, तिथे स्कॉट्समध्ये तो ड्रीखचा घासणारा ख़ ऐकू येतो: नाइटचा 'निख्त', राइटचा 'रिख्त'. नकार क्रियापदाला ना किंवा ने जोडून होतो. 'कॅने' म्हणजे करू शकत नाही, 'डिन्ना' म्हणजे करू नको किंवा करत नाही. हे एवढे कानात बसले की शंभरेक शब्दांसाठी कोश उघडावा लागत नाही.

खरी फसगत अनोळखी शब्दांत होत नाही. अनोळखी शब्द वाचकाला थांबवतो, आणि थांबलेला वाचक अर्थ शोधतो. फसवतात ते ओळखीचे चेहरे. नमुन्यादाखल रचलेले हे वाक्य पाहावे: 'आय डाउट इटल बी ड्रीख द मॉर्न. माइंड द मेसेजेस, अँड डिन्ना लेट द बेर्न ग्रीट.' शाळेतल्या इंग्रजीच्या भरवशावर त्याचा अर्थ असा लागतो: सकाळी हवा ड्रीख असेल की नाही याची शंका वाटते; निरोपांकडे लक्ष दे आणि मुलाला कोणाचे स्वागत करू देऊ नको. प्रत्यक्षात बोलणारी म्हणते आहे: उद्या हवा कुंद राहणार असे दिसते, वाणसामान आणायची आठवण ठेव आणि पोराला रडू देऊ नको.

यात ड्रीख, बेर्न आणि डिन्ना हे तीन शब्द परके दिसले, पण अर्थ बिघडवला तो उरलेल्या पाचांनी. 'द मॉर्न' म्हणजे उद्या. 'माइंड' म्हणजे आठवण असणे किंवा ठेवणे. 'मेसेजेस' म्हणजे बाजारातून आणायचे सामान. कोणाला तरी कामासाठी बाहेर पाठवणे या अर्थावरून तो इथवर आला. जुन्या इंग्रजीत स्वागत करणे आणि रडणे यांसाठी जवळजवळ सारखी दिसणारी दोन क्रियापदे होती. इंग्रजीने दुसरे टाकून दिले, स्कॉट्सने ते जपले, म्हणून 'ग्रीट' म्हणजे रडणे.

'डाउट' अधिक सूक्ष्म आहे. आजच्या इंग्रजीत तो शब्द 'तसे होणार नाही' या बाजूला झुकतो, स्कॉट्समध्ये 'तसे होणार' या बाजूला, आणि तेही बहुधा नको असलेल्या गोष्टीबद्दल. मराठी वाचकाला हा अर्थ घरचाच वाटावा. 'घरात चोर शिरल्याची शंका आली' असे म्हणणाऱ्याला चोर शिरला असे वाटत असते, शिरला नाही असे नव्हे. डॉक्टर रुग्णाच्या उशाशी बसून, तो रात्र काढणार नाही असे 'डाउट' करत असेल, तर त्याने आशा सोडलेली आहे. वाचकाने उलटा अर्थ घेतला, तर पुढच्या पानावरचा मृत्यू त्याला अकारण धक्का देतो. अशी चूक झाल्याची खूण एकच: पात्राचे पुढचे वागणे त्याच्याच बोलण्याशी जुळेनासे होते. असे झाले की मागे जाऊन सोप्या वाटलेल्या शब्दांवरच बोट ठेवावे. 'स्टे' म्हणजे मुक्काम नव्हे तर कायमचे राहणे, 'पीस' म्हणजे तुकडा नव्हे तर सँडविच, आणि ग्लासगोत 'हाउ' म्हणजे कसे नव्हे तर का, हेही याच जातीचे.

हे शब्द कोणाच्या तोंडी आहेत, यालाही अर्थ आहे. वॉल्टर स्कॉट यांच्या 1818 सालच्या 'द हार्ट ऑफ मिडलोथियन'मध्ये निवेदन इंग्रजीत आहे आणि जीनी डीन्स ही शेतकरी घरातली मुलगी स्कॉट्स बोलते. बहिणीचे प्राण वाचवण्यासाठी ती लंडनपर्यंत जाते तेव्हाही. लुइस ग्रासिक गिबन यांनी 1932 सालच्या 'सनसेट साँग'मध्ये ही भिंत पाडली. निवेदनाची लयच त्यांनी ईशान्येकडच्या बोलीची ठेवली, आणि त्यांची नायिका क्रिस गथ्री शाळेतले इंग्रजी आणि मातीची भाषा यांच्यामध्ये दुभंगलेली दाखवली. स्कॉट यांच्याकडे बोली पात्रांपुरती आहे. गिबन यांच्याकडे ती जग पाहण्याची नजर आहे, आणि ते पाऊल मोठे होते.

कोशांची वाण नाही. जॉन जेमिसन यांचा कोश 1808 साली निघाला. दहा खंडांचा 'स्कॉटिश नॅशनल डिक्शनरी' 1931 ते 1976 या काळात पुरा झाला, आणि तो आता dsl.ac.uk या पत्त्यावर विनामूल्य पाहता येतो. पण वेल्श यांच्यासारखा लेखक शब्द कानाला ऐकू येतील तसे लिहितो, आणि ती रूपे कोशात त्याच लेखनाने सापडतीलच असे नाही. तिथे वाचकाने पान मोठ्याने वाचावे. डोळ्याला न कळलेला शब्द पुष्कळदा कानाला कळतो.