अश्रूंचा धाक

आल्डस हक्सले यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ ही कादंबरी १९३२ साली प्रसिद्ध झाली. ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा सुरुवातीला तिच्यातल्या राज्याचा मला थोडा हेवाच वाटला. तिथे दारिद्र्य नाही, युद्ध नाही. माणसे मरेपर्यंत तरुण दिसतात, आणि मन जरा उदास झाले की ‘सोमा’ची गोळी घेतली की झाले. आपल्या कामावर तर जो तो खूष! मग यात वाईट ते काय?

उत्तर शोधायला त्या राज्याच्या शिशुगृहात जावे लागते. मुले तिथे आईच्या पोटी येत नाहीत, बाटलीत वाढतात. कनिष्ठ वर्गातल्या गर्भाला प्राणवायूच मुद्दाम कमी देतात. पुढे आठ महिन्यांची बाळे गुलाबांकडे आणि चित्रांच्या पुस्तकांकडे रांगत जातात. त्यांनी हात लावताच कर्कश भोंगे वाजतात, मग विजेचा धक्का बसतो. असे दोनशे वेळा केले की ती फुलांना आणि पुस्तकांना जन्मभर भितात. कारण, फुलांच्या प्रेमाने कारखाने चालत नाहीत!

म्हणजे इथला मजूर समाधानी आहे हे खोटे नव्हे. पण तक्रार करू शकला असता असा माणूस त्याच्यात घडूच दिलेला नाही. त्याच्या समाधानाची साक्ष मग कशी ग्राह्य धरायची?

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो रुग्णालयातला प्रसंग. या राज्याबाहेर वाढलेला जॉन आपल्या मरणोन्मुख आईच्या, लिंडाच्या, उशाशी बसला आहे. एवढ्यात तिथे एकसारख्या चेहऱ्यांच्या जुळ्या मुलांचा घोळका येतो. मृत्यूची सवय व्हावी म्हणून त्यांना तिथे खेळायला आणतात आणि गोडधोड खाऊ घालतात. लिंडा जाते आणि जॉन हुंदके देतो. परिचारिका घाबरते, पण लिंडा गेली म्हणून नव्हे. एका माणसाच्या जाण्याने एवढे काही बिघडते, असे त्या मुलांना वाटले तर सारी शिकवण वाया जाईल, ही तिची भीती!

त्या राज्याने दुःख नाहीसे केले ते असे. जिच्यावाचून अडावे अशी व्यक्तीच कुणाला उरू दिली नाही. ‘आई’ हा शब्दच तिथे अश्लील ठरतो.

हक्सले यांनी या राज्याचा नियंता मुस्तफा मॉंड याला खलपुरुष केलेले नाही. बंदी घातलेला शेक्सपिअर त्याने वाचला आहे. स्थैर्यासाठी काय गमावले हे तो जाणतो आणि तो सौदा योग्यच होता असे म्हणतो. मला तो इथेच चुकलेला दिसतो. किंमत त्याला ठाऊक आहे, पण ती मोजली शिशुगृहातल्या बाळांनी. आणि त्यांना कुणी विचारलेच नव्हते.

आपल्या घरी कुणी गेले की आपण रडतो. त्या रडण्याकडे मी आता निराळ्या नजरेने पाहतो. ज्याच्या जागी दुसरे कुणी बसवता येत नाही असे माणूस आपल्याला लाभले होते, याचीच ती कबुली असते.